नोव्हेंबरात आलेल्या मॅडमचे आभार

शाळेत शिक्षकांचे आभार मानायचे दिवस ठरलेले आहेत. आषाढात गुरुपौर्णिमा येते, मग ५ सप्टेंबरला शिक्षक दिन. तोवर जूनमध्ये सुरू झालेले वर्ग स्थिरावलेले असतात. मुलं गुलाबाची फुलं आणतात, फळ्यावर रंगीत खडूने नावं लिहितात, दहावीच्या मुली साड्या नेसून पाचवी-सहावीचे तास घेतात. पण जी शिक्षिका दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू होते आणि एप्रिलअखेरीस जिच्या नेमणुकीची मुदत संपते, तिच्या वाट्याला यातला एकही दिवस येत नाही. ती येते तेव्हा शिक्षक दिन होऊन गेलेला असतो आणि पुढचा येण्याआधी ती गेलेली असते.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वर्षाच्या मध्यात शिक्षक सोडून जाणं आणि त्यांच्या जागी घाईने कुणाला तरी आणणं, हे मी अनेकदा पाहिलं आणि केलंही. अशा बदली शिक्षकाचे आभार पालकांनी, मुलांनी आणि शाळेने कसे मानावेत, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. आभार मानायचे तर त्या व्यक्तीने नेमकं काय केलं हे कळायला हवं, आणि बदली शिक्षकाचं निम्मं काम कुणाला दिसतच नाही. म्हणून आधी ते काम सांगते.

कायम शिक्षकाने राजीनामा देण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना द्यावी, असं खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत आहे. कागदावर ही मुदत पुरेशी वाटते. प्रत्यक्षात स्पर्धा परीक्षेतून निवड झालेला माणूस सूचनेच्या काळाचं वेतन भरतो आणि नव्या नोकरीवर हजर होतो. त्याला अडवणं योग्यही नसतं. कधी आजारपण येतं, कधी अपघात होतो, कधी घरच्या कारणाने गाव सोडावं लागतं. अनुदानित शाळेतली रिकामी जागा कायमची भरायची तर पवित्र पोर्टलच्या प्रक्रियेतून जावं लागतं, आणि ती प्रक्रिया सत्राच्या मध्यात दोन आठवड्यांत होत नाही. मग संस्था स्वतःच्या खर्चाने कुणाला तरी मानधनावर बोलावते. गावातली बीएस्सी, बीएड झालेली मुलगी, दोन वर्षं घरी बसलेली सून, नाहीतर निवृत्त झालेले गुरुजी. नेमणुकीचा आदेश महिन्यांच्या मुदतीचा असतो. शालार्थ प्रणालीत त्यांचं नाव नसतं, कारण त्यांचा पगार सरकारकडून येत नाही. हजेरीच्या मस्टरवरही त्यांची ओळ बहुधा सगळ्यांच्या खाली किंवा वेगळ्या पानावर येते.

मी इथे एकाच वर्गाची गोष्ट सांगणार आहे. दहावीचा वर्ग, विषय गणित. आमच्या शाळेत दहावीला गणित शिकवणारे एकच सर होते आणि त्या वर्गाचे वर्गशिक्षकही तेच होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची सरकारी नोकरीसाठी निवड झाल्याचं कळलं आणि सुट्टी संपल्यावर ते एकदाच शाळेत आले, कागद द्यायला. मुलांची आणि त्यांची भेट झाली नाही. सुट्टीवरून परतलेल्या मुलांना रिकामी खुर्ची दिसली आणि कारण कळलं ते शाळेच्या शिपायाकडून.

त्या वर्गात नव्या मॅडम आल्या नोव्हेंबरच्या शेवटी. वय तिशीच्या आत. आधी एका शाळेत रजेच्या जागेवर थोडे महिने शिकवलेलं, एवढाच अनुभव. जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि मार्चमध्ये बोर्डाचे दोन पेपर : भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. उरलेले २० गुण शाळेने द्यायचे, गृहपाठ आणि चाचण्यांवर.

सरांनी जाताना वार्षिक नियोजनाचा कागद ठेवला होता. त्यानुसार बीजगणिताचे पहिले दोन घटक, दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे, पूर्ण झाले होते. अंकगणित श्रेढी अर्धी झाली होती. भूमितीत समरूपता आणि पायथागोरसचे प्रमेय संपून वर्तुळ चालू होतं. टाचणवही त्यांनी लिहिलेली होती, पण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच. कुठल्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, याची नोंद कुठेच नव्हती. ती सरांच्या डोक्यात होती आणि सरांबरोबर गेली. वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलतो तेव्हा वर्गाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच होतं. पाठ्यपुस्तक तेच राहतं, वेळापत्रक तेच राहतं. पण तिसऱ्या बाकावरचा मुलगा उत्तर येत असूनही हात वर करत नाही, हे माहीत असलेला माणूस निघून जातो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शाळांचा गॅरी हेन्री आणि क्रिस्टोफर रेडिंग यांनी अभ्यास केला आहे. शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून गेला की मुलांच्या शिकण्याचं नुकसान होतं, असं त्यात दिसलं. कुठल्याही मुख्याध्यापकाला हे अनुभवाने ठाऊक असतं.

मॅडमनी पहिल्या दिवशी वर्गातून तीन वह्या मागून घेतल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीची नीटनेटकी वही, एका मधल्या मुलाची आणि एका मागे राहिलेल्या मुलाची. नवा शिक्षक बहुतेक वेळा फक्त हुशार मुलाची वही पाहतो आणि तिथून पुढे शिकवायला लागतो. तीन वह्या शेजारी ठेवल्यावर मॅडमना दिसलं की नियोजनात पूर्ण झालेली वर्गसमीकरणं मधल्या मुलाच्या वहीत अर्धवट होती आणि शेवटच्या वहीत फळ्यावरून उतरवलेली होती, चुकांसकट.

मग त्यांनी एक लहानशी चाचणी घेतली. गुण देणार नाही, नाव लिहिलं नाही तरी चालेल, असं आधी सांगितलं. त्यातलं एक उदाहरण मला अजून आठवतं :

x² + 3x − 28 = 0

अवयव पाडून हे समीकरण सोडवायचं. ज्यांचा गुणाकार उणे अठ्ठावीस आणि बेरीज तीन आहे अशा दोन संख्या शोधायच्या : सात आणि उणे चार. म्हणजे (x + 7)(x − 4) = 0, आणि मुळं उणे सात आणि चार. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं उत्तर चुकलं. मॅडमनी चुकलेल्या कागदांचे दोन गठ्ठे केले, आणि त्या गठ्ठ्यांमुळे पुढचे तीन महिने सुधारले. पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलांना सात आणि चार सापडले होते, पण चिन्हं उलटसुलट लागली होती. त्यांची अडचण दहावीची नव्हती, खालच्या इयत्तांतली होती : ऋण संख्यांची बेरीज आणि गुणाकार. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांचे अवयव बरोबर होते, पण त्यांनी शेवटी मुळं म्हणून सात आणि उणे चारच लिहिले होते. कंस शून्य व्हायला x किती असावा लागेल, ही शेवटची पायरी त्यांना कळली नव्हती. दोन्हीकडे उत्तर सारखंच चूक, पण उपाय वेगळा. पहिल्या गटासाठी मॅडमनी प्रत्येक तासाची सुरुवातीची दहा मिनिटं ऋण संख्यांना दिली. दुसऱ्या गटाचं काम मधल्या सुट्टीत दोन बैठकांत संपलं.

राहिलेला अभ्यासक्रम त्यांनी पुस्तकाच्या क्रमाने घेतला नाही. संभाव्यता आणि सांख्यिकी आधी घेतली, कारण ते घटक मागच्या कच्च्या भागावर फारसे उभे नसतात आणि मुलांना लवकर जमतात. भूमितीत भौमितिक रचना पुढे ओढली. आपल्याला जमतंय, हे मुलांना डिसेंबरमध्ये दिसणं गरजेचं होतं. वर्तुळ हा लांबलचक आणि प्रमेयांचा घटक त्यांनी थोडा थोडा करत जानेवारीपर्यंत नेला.

पण अडचण गणितापेक्षा मुलांच्या मनात जास्त होती. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर यायचं, "आमचे सर असं शिकवत नव्हते." दोन चलांतली समीकरणं सर क्रेमरच्या पद्धतीने, निश्चयक मांडून सोडवायचे. मॅडमना लोप पद्धत सोपी वाटायची आणि बोर्डाला दोन्ही चालतात. त्यांनी सरांची पद्धत ठेवली. प्रमेय लिहिताना पक्ष, साध्य, सिद्धता यांची मांडणी सर करायचे तशीच चालू ठेवली. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, या वर्षी त्यांच्याकडून फार गोष्टी एकदम काढून घेतल्या गेल्यात. ही एक तरी राहू दे." मुलांनी घडवलेलं जुनं आपलं करणं, ही बदली शिक्षकाच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. स्वतःचा ठसा उमटवायची संधी तो त्यात जाणूनबुजून सोडतो, आणि ते त्याच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

सरांबद्दल मुलांच्या मनात राग होता. न सांगता गेले म्हणून. तो राग सरांपर्यंत पोहोचू शकत नव्हता, म्हणून मॅडमच्या तासाला निघायचा : वही आणायची नाही, मागून आवाज काढायचे, विचारलं की गप्प बसायचं. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी एक तास गणित बाजूला ठेवलं आणि मुलांना सरांना पत्र लिहायला सांगितलं. निरोपाचं, अभिनंदनाचं, रागाचंही चालेल. पत्रं माझ्याकडे आली, मी ती सरांना पाठवली. आठवड्याभरात सरांचं उत्तर आलं. त्यांनी मुलांची माफी मागितली होती आणि वर्तुळ पूर्ण करा म्हणून दटावलंही होतं. ते पत्र वर्गात वाचल्यानंतर वर्ग शांत झाला, असं मी म्हणणार नाही. पण वह्या यायला लागल्या.

हे इतक्या तपशिलाने सांगितलं, कारण वर्षअखेरीस आभाराची वेळ आली तेव्हा यातलं काहीही पालकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी, सर गेले, मॅडम आल्या, पोर्शन संपला.

बदली शिक्षकाचे आभार मानण्यात पहिली अडचण वेळेची असते. दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ परीक्षेआधी होतो, तेव्हा मॅडम शाळेतच होत्या. पण त्या दिवशी मुलांनाच निरोप द्यायचा असल्याने शिक्षकांची भाषणं मुलांसाठी असतात. निकाल लागतो तेव्हा शाळा बंद असते आणि आदेशाची मुदत संपलेली असते. गुणवंतांचा सत्कार जूनमध्ये किंवा त्यानंतर होतो, व्यासपीठावर कायम शिक्षक असतात. पुढच्या वर्षीचा शिक्षक दिन येतो तोवर मुलं कॉलेजात आणि मॅडम दुसऱ्या गावी. म्हणून माझं पालकांना सांगणं असे, की निकालाची वाट पाहू नका. आभार गुणांसाठी मानायचे नसतातच. बाईंनी केलेलं काम तुमच्यासमोर फेब्रुवारीतच पूर्ण झालेलं असतं. शेवटचा तास होतो त्या आठवड्यात पत्र त्यांच्या हातात पडलं पाहिजे.

दुसरी अडचण शब्दांची. "आपण आमच्या मुलांना खूप छान शिकवलंत, आम्ही आपले ऋणी आहोत" असं एक पत्र पालक संघाकडून आलं होतं. हेतू चांगला होता, पण हे पत्र कुठल्याही वर्षी कुठल्याही शिक्षकाला देता आलं असतं. त्यात मॅडम कुठेच नव्हत्या. त्यांच्याजवळ राहिलं ते दुसरं पत्र, मागच्या बाकावरच्या एका मुलीने रेघी कागदावर लिहिलेलं. तिची परवानगी घेऊन मी ते तेव्हाच उतरवून ठेवलं :

"मॅडम, मला उणे आणि उणेची बेरीज केली की नेहमी अधिक यायचं. सातवीपासून. कुणाला विचारायची लाज वाटायची. तुम्ही सगळ्यांना दहा मिनिटं शिकवलंत म्हणून मला विचारावं लागलं नाही. तुम्ही सरांची पद्धत बदलली नाहीत, तेही मला आवडलं. पेपर कसा जाईल माहीत नाही, पण आता मी गणिताच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून घरी थांबत नाही."

या पत्रात एकही मोठा शब्द नाही. आधी काय होतं, बाईंनी काय केलं, आता काय झालं, एवढंच आहे. दहा मिनिटं सगळ्या वर्गाला शिकवण्यामागे नेमका हाच विचार होता : कच्च्या मुलांना वेगळं काढलं तर त्यांना लाज वाटेल. तो विचार एका मुलीने ओळखला, हे मॅडमना त्या कागदावरून कळलं. पालकांनी मला पत्र कसं लिहावं असं विचारलं, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगायचे : आज घरी गेल्यावर मुलाला विचारा, नव्या बाईंनी केलेली एक गोष्ट सांग. जे उत्तर येईल ते मुलाच्याच शब्दांत लिहा आणि खाली सही करा.

काही पालकांना याचा संकोच वाटतो. आपलं मराठी चांगलं नाही, अक्षर चांगलं नाही, बाई काय म्हणतील. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी याच संकोचाचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आभाराची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष काय वाटलं ते विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला होणारा आनंद आणि आश्चर्य कमी धरलं होतं, आणि त्याला अवघडल्यासारखं होईल ही भीती जास्त धरली होती. लिहिणारा आपले शब्द नीट जमलेत का याची चिंता करत होता. वाचणाऱ्याचं लक्ष पत्रातल्या आपुलकीकडे होतं. कायम शिक्षकाला आयुष्यभरात अशी पत्रं थोडीफार मिळतात. मानधनावर आलेल्या बाईंना ती मिळण्याची शक्यताच कमी, म्हणून इथे संकोच जरा बाजूला ठेवावा.

आभार मानताना बोलणं चुकतं ते बहुतेक तुलनेमुळे. "तुम्ही आधीच्या सरांपेक्षा चांगलं शिकवलंत" हे वाक्य पालक मोठ्या प्रेमाने बोलतात. ऐकणाऱ्या बाईंना ते जड जातं. त्या ज्या पायावर उभ्या राहिल्या तो सरांनी घातलेला असतो, आणि मुलांचा सरांवरचा जीव जपण्यासाठी त्यांनी स्वतःची पद्धत बाजूला ठेवलेली असते. त्या वाक्याने त्यांच्या कष्टावरच पाणी पडतं. शिवाय समोर मुलगा उभा असेल तर त्याला सर आणि मॅडम यांच्यातून एकाची निवड करायला लावल्यासारखं होतं. दुसरं वाक्य, "पुढच्या वर्षीही याच शाळेत या हं." ते बाईंच्या हातात नसतं, पालकांच्याही नसतं. जिला मे महिन्यानंतर काय करायचं याची काळजी आहे, तिला ते ऐकून बरं वाटत नाही. तिसरी गोष्ट वर्गणीची. मुलांनी प्रत्येकी वीस-तीस रुपये काढून साडी किंवा घड्याळ द्यायचं ठरवलं की वर्गात कुणीतरी एक असतो ज्याच्याकडे ते नसतात, आणि तो त्या दिवशी शाळेतच येत नाही. आमच्या शाळेत मी वर्गणी बंद केली होती. त्या वर्षी मुलांनी त्याऐवजी एक वही केली : प्रत्येकाने एका पानावर स्वतः सोडवलेलं एक गणित लिहायचं, जे नोव्हेंबरमध्ये येत नव्हतं. खाली नाव. मागच्या बाकावरच्या मुलांची पानं सगळ्यात भरगच्च होती.

पालक आणि मुलं एवढं करू शकतात. शाळेने मात्र आणखी काही करायला हवं, आणि तिथेच बहुतेक शाळा कमी पडतात. मानधनावर काम केलेल्या शिक्षकाला शाळेचे आभार कामाला येतात ते अनुभव प्रमाणपत्राच्या रूपाने. पुढच्या शाळेत मुलाखतीला गेल्यावर फुलांचा गुच्छ दाखवता येत नाही. अनेक संस्थाचालक हे प्रमाणपत्र द्यायला कचरतात. या कागदाच्या आधारे ही व्यक्ती उद्या कायम नोकरीचा हक्क सांगेल, अशी त्यांना भीती वाटते. मग प्रमाणपत्र दिलंच तर ते एका ओळीचं, तारखा नसलेलं, "यांनी आमच्या शाळेत काही काळ काम केले" असं असतं. त्याचा कुणालाच उपयोग नाही. नेमणूक तात्पुरती होती आणि मानधन संस्थेने दिलं, हे स्वच्छ लिहावं. त्यात दोन्ही बाजूंचं हित आहे. त्यानंतर बाकीचं सगळं लिहावं : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या इयत्ता, कोणता विषय, कोणतं माध्यम, आठवड्याला किती तास, वर्गशिक्षकाचं काम केलं की नाही, पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढल्या की नाही, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कुणी भरले. वर जावक क्रमांक आणि दिनांक, खाली मुख्याध्यापकाची सही आणि शाळेचा गोल शिक्का. जावक क्रमांक नसलेला कागद पुढची शाळा बाजूला ठेवते, हे मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने बसून पाहिलं आहे.

पालकांना यात एक गोष्ट करता येते, ती त्यांना माहीत नसते. बाईंना लिहिलेल्या पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांच्या नावे शाळेत द्यावी आणि आवक नोंदवहीत तिची नोंद करून घ्यावी. मग ते पत्र शाळेच्या दप्तरात राहतं. संस्थेची बैठक होते तेव्हा मुख्याध्यापकाला ते पुढे ठेवता येतं, आणि प्रमाणपत्रात दोन ओळी जास्त लिहायला आधार मिळतो. बाई समोरून स्वतःसाठी काही मागत नाहीत. त्यांची परिस्थिती मागण्यासारखी नसते. पालकांचं पत्र ते काम करतं.

शिक्षकांच्या खोलीतलं वागणंही यात येतं, ते थोडक्यात सांगते. नव्या बाईंना स्वतःची खुर्ची आणि कपाटातला एक कप्पा पहिल्या दिवशी मिळाला पाहिजे. स्टाफच्या फोटोसाठी त्यांना आठवणीने बोलवावं. सहकाऱ्यांनी त्यांना नावाने हाक मारावी, "त्या गणिताच्या नवीन" म्हणून नव्हे. आमच्याकडे हे सगळं पहिल्या दिवसापासून झालं असं नाही, आणि त्याचा त्यांना त्रास झाला.

आता निकालाचं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर शिक्षकाचं नाव कुणाचंच नसतं. पण शाळा निकाल लागल्यावर आपल्यापुरतं विषयवार विश्लेषण करते : किती मुलं बसली, किती उत्तीर्ण, शेकडा किती, विषय शिक्षक कोण. हा कागद संस्थेकडे जातो आणि वर्षानुवर्षं फायलीत राहतो. शिक्षक वर्षाच्या मध्यात बदलला असेल तर त्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, याचा कुठे नियम नाही. बहुतेक ठिकाणी कायम पदावरच्या सरांचं नाव जातं, कारण पद त्यांचं. कधी रकाना रिकामा राहतो. निकाल वाईट लागला तर मात्र बदली बाईंचं नाव आठवणीने येतं, हेही मी पाहिलं आहे आणि त्याचा मला फार राग येतो.

त्या वर्षी आम्ही रकान्यात दोन्ही नावं लिहिली, तारखांसह : सर, जून ते नोव्हेंबर, मॅडम, नोव्हेंबर ते मार्च. शेऱ्यात कोणत्या घटकांची उजळणी घेतली आणि कोणत्या क्रमाने, हे चार ओळींत नोंदवलं, म्हणजे पुढच्या वर्षी दहावीला येणाऱ्या शिक्षकाला त्याचा उपयोग होईल. लिपिकांनी विचारलं, रकाना लहान आहे, दोन नावं कशी बसवू. मी त्यांना ओळ वाढवायला सांगितली. त्या कागदाची छायाप्रत आणि मुलांच्या गुणांची यादी पोस्टाने मॅडमच्या गावच्या पत्त्यावर पाठवली. यादीत त्या रेघी कागदावर पत्र लिहिणाऱ्या मुलीचे गुणही होते, दोन्ही भाग मिळून उत्तीर्ण होण्याइतके आणि थोडे वर.